अल्पाधिकाराचा तुलनात्मक तक्ता दरवेळी का फसतो आणि तो कसा दुरुस्त करावा

तक्रार जवळपास एकाच स्वरूपात येते. अर्थशास्त्राचा एम.ए.चा किंवा सेट-नेटचा विद्यार्थी अल्पाधिकारावरचं, म्हणजे मोजक्याच फर्म असलेल्या बाजारावरचं, प्रकरण वाचतो. कूर्नो, बर्ट्रांड, स्टॅकेलबर्ग, स्वीझी अशा चौघा अर्थतज्ज्ञांची मॉडेलं त्यात एकमेकांत गुंफलेली असतात. तो रात्री बसून सुबक तक्ता करतो: डावीकडे मॉडेलांची नावं, वर ‘गृहीतके’, ‘निष्कर्ष’, ‘मर्यादा’. सगळ्या चौकटी भरलेल्या असतात. आठवड्याभराने तोच तक्ता उघडला की कूर्नो आणि स्टॅकेलबर्ग यांच्यात नेमका फरक काय हे त्यावरून सांगता येत नाही. मग पुन्हा पुस्तक, पुन्हा तक्ता.

तुमचा तक्ता याच आजाराने ग्रस्त आहे का, हे पाहायला एक छोटी तपासणी पुरते. मॉडेलांची नावं हाताने झाका आणि फक्त ‘मर्यादा’ हा रकाना वाचा. कुठली मर्यादा कुणाची हे ओळखता आलं तर तक्ता ठीक आहे. ‘गृहीतके अवास्तव’, ‘फक्त दोन फर्म गृहीत’, ‘व्यवहारात लागू होत नाही’ असंच सगळीकडे दिसलं तर त्या रकान्यात काहीही लिहिलेलं नाही, असं समजा. मग तीच तपासणी ‘गृहीतके’ या रकान्यावर करा. ‘दोन फर्म, एकजिनसी वस्तू, समान खर्च’ हे तीन मॉडेलांपुढे तीनदा उतरलेलं सापडेल. खरं असूनही ते निरुपयोगी आहे, कारण तुलना करायची असताना समान गोष्टच तीनदा लिहिली गेली आहे.

मूळ कारण वाचनाच्या वाक्यरचनेत आहे

तुलनेने भरलेला मजकूर साधारण असा चालतो: ‘कूर्नोच्या उलट बर्ट्रांडने किंमत हे स्पर्धेचं साधन मानलं. स्टॅकेलबर्गने कूर्नोची चौकट कायम ठेवून एका फर्मला पुढाकार दिला. स्वीझीला मात्र किमतीच्या ताठरतेचं स्पष्टीकरण हवं होतं.’ वाचायला हे सोपं वाटतं, पण यातलं प्रत्येक वाक्य वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. पहिलं सांगतं की फर्म काय ठरवते. दुसरं सांगतं की आधी कोण ठरवतं. तिसरं मॉडेलच्या आत शिरतच नाही, ते मॉडेल कशासाठी रचलं एवढंच सांगतं. ही तिन्ही उत्तरं ‘वैशिष्ट्ये’ नावाच्या एका रकान्यात ओतली की तक्ता भरल्यासारखा दिसतो, पण शेजारच्या दोन चौकटी एकमेकींशी बोलत नाहीत.

शिवाय लेखक फक्त बदललेली गोष्ट सांगतो, न बदललेली गोष्ट गाळतो. स्टॅकेलबर्गच्या परिच्छेदात ‘फर्म उत्पादनाची मात्रा ठरवते’ हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, कारण ते कूर्नोकडून आलेलं आहे. तक्ता करणारा फक्त समोरचा परिच्छेद पाहतो आणि ती चौकट रिकामी सोडतो किंवा तिथे ‘नेता-अनुयायी’ असं दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर टाकतो.

म्हणून मॉडेलपासून सुरुवात करू नका, प्रश्नांपासून करा. मजकूर पहिल्यांदा वाचताना तक्ता आखायचाच नाही. ‘च्या उलट’, ‘मात्र’, ‘तर’, ‘कायम ठेवून’ असा शब्द आला की पेन्सिलने खूण करा आणि समासात लिहा: हा फरक कुठल्या प्रश्नाबद्दल आहे? या प्रकरणात असे प्रश्न मोजकेच निघतात. फर्म स्वतः काय ठरवते? उरलेलं कोण ठरवतं? निर्णय एकाच वेळी होतात की एकापाठोपाठ? प्रतिस्पर्धी काय करेल असं फर्म धरून चालते? वस्तू एकजिनसी आहे का? हवं तेवढं उत्पादन करता येतं का?

हे प्रश्न डावीकडे ओळींत घ्या आणि मॉडेल वर रकान्यांत. नेहमीच्या मांडणीच्या हे उलट आहे, पण त्याचा मोठा फायदा होतो. एका ओळीतून आडवं वाचलं की तुलना आपोआप होते, आणि सगळ्या रकान्यांत तेच उत्तर आलं तर ती ओळ काढून टाकून तक्त्यावर एका वाक्यात लिहिता येते: ‘सर्वत्र समान: दोन फर्म, एकजिनसी वस्तू, समान स्थिर सीमांत खर्च, मागणी सर्वांना माहीत.’ तीनदा उतरवलेला मजकूर असा एका ओळीत निघून जातो.

उरलेला तक्ता असा दिसतो:

| प्रश्न | कूर्नो (१८३८) | बर्ट्रांड (१८८३) | स्टॅकेलबर्ग (१९३४) |
|---|---|---|---|
| फर्म काय ठरवते? | उत्पादनाची मात्रा | किंमत | उत्पादनाची मात्रा |
| उरलेलं कोण ठरवतं? | एकूण मात्रेवरून बाजार किंमत ठरवतो | कमी किमतीच्या फर्मकडे सगळे ग्राहक जातात | एकूण मात्रेवरून बाजार किंमत ठरवतो |
| क्रम | एकाच वेळी | एकाच वेळी | आधी नेता, मग अनुयायी |
| प्रतिस्पर्ध्याबद्दल काय धरलं? | त्याची मात्रा दिलेली आहे | त्याची किंमत दिलेली आहे | अनुयायी नेत्याची मात्रा दिलेली धरतो, नेता अनुयायाची प्रतिक्रिया ओळखून असतो |
| क्षमतेची मर्यादा | निष्कर्षाला आड येत नाही | नाही, आणि हेच निर्णायक | निष्कर्षाला आड येत नाही |

दुसरी ओळ बहुतेक तक्त्यांत नसते आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. कूर्नोच्या समतोलातही किंमत असते, म्हणून ‘कूर्नोमध्ये किंमत नाही’ असं लिहिणं चूक. किंमत आहे, ती फर्म ठरवत नाही, एवढाच मुद्दा आहे.

गृहीतकांच्या रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात

जुन्या पाठ्यपुस्तकांत कूर्नोपुढे हमखास लिहिलेलं असतं: ‘उत्पादनखर्च शून्य’. कूर्नोने १८३८ च्या ग्रंथात खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या मालकांचं उदाहरण घेतलं होतं, तिथून ते आलं. विद्यार्थी ते गृहीतक म्हणून उतरवतो आणि मग मर्यादेत लिहितो, ‘खर्च शून्य असणे अवास्तव’. वाक्य चुकीचं नाही, पण त्याने मॉडेलला धक्काही लागत नाही. खर्च शून्य धरला की गणित सोपं होतं, इतकंच त्याचं काम. तो १० धरा की २० धरा, दोघांचं एकूण उत्पादन मक्तेदारीपेक्षा जास्त आणि पूर्ण स्पर्धेपेक्षा कमी हा निष्कर्ष तसाच राहतो.

म्हणून गृहीतकांच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे काढलं तर निष्कर्षाचा आकडा बदलेल की निष्कर्षच कोसळेल? फक्त आकडा बदलत असेल तर ते सोयीचं गृहीतक. निष्कर्ष कोसळत असेल तर ते भार पेलणारं गृहीतक. तिसरा प्रकार म्हणजे गृहीतकाच्या वेशात आलेला निष्कर्ष. ‘बर्ट्रांडमध्ये किंमत सीमांत खर्चाइतकी असते’ हे गृहीतकांच्या रकान्यात मी अनेकदा पाहिलं आहे. ते तर मॉडेलचं उत्तर आहे. ते वर गेलं की खाली निष्कर्षात लिहायला काही उरत नाही, म्हणून तिथे ‘तीव्र स्पर्धा’ असं काहीतरी भरलं जातं.

तक्त्यात फक्त भार पेलणारी गृहीतकं ठेवा. सोयीची गृहीतकं वरच्या ‘सर्वत्र समान’ वाक्यात किंवा तळटिपेत जाऊ द्या.

कुठलं गृहीतक भार पेलतं हे निव्वळ वाचून नेहमी कळत नाही. त्यासाठी आकडे लागतात.

सगळ्या मॉडेलांना एकच बाजार द्या

दुरुस्तीचा हा सर्वांत उपयोगी भाग आहे आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. पुस्तकात कूर्नोचं उदाहरण एका मागणी वक्रावर असतं, बर्ट्रांडचं दुसऱ्यावर, स्टॅकेलबर्गचं नुसतं आकृतीत. मग त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवले तरी तुलना होत नाही. एकच सोपा बाजार घ्या:

किंमत = १०० − एकूण उत्पादन
सीमांत खर्च = १०, दोन्ही फर्मसाठी सारखा, स्थिर खर्च नाही

कूर्नोमध्ये प्रत्येक फर्म प्रतिस्पर्ध्याची मात्रा दिलेली धरते. गणित केलं की नियम असा निघतो: ९० मधून प्रतिस्पर्ध्याची मात्रा वजा करा आणि निम्मं करा, ती तुमची सर्वोत्तम मात्रा. दोघेही हाच नियम पाळतात तेव्हा ३०-३० वर येऊन थांबतात, कारण ९० मधून ३० गेले, उरले ६०, त्याचे निम्मे ३०. एकूण ६०, किंमत ४०, प्रत्येकी नफा ३० गुणिले ३०, म्हणजे ९००.

स्टॅकेलबर्गमध्ये अनुयायी हाच नियम पाळतो, पण नेत्याला तो नियम आधीच ठाऊक असतो. नेता ४५ बनवतो, अनुयायी ९० वजा ४५ चे निम्मे म्हणजे २२.५. एकूण ६७.५, किंमत ३२.५, नेत्याचा नफा १,०१२.५, अनुयायाचा ५०६.२५.

बर्ट्रांडमध्ये १० च्या वरची कुठलीही किंमत टिकत नाही, कारण दुसरा थोडी कमी करून सगळं गिऱ्हाईक ओढून घेतो. किंमत १०, एकूण उत्पादन ९०, नफा शून्य. मोजपट्टी म्हणून संगनमतही घ्या: दोघं मिळून मक्तेदारासारखं वागले तर एकूण ४५, किंमत ५५, समान वाटणीत प्रत्येकी नफा १,०१२.५.

| | संगनमत | कूर्नो | स्टॅकेलबर्ग | बर्ट्रांड |
|---|---|---|---|---|
| एकूण उत्पादन | ४५ | ६० | ६७.५ | ९० |
| किंमत | ५५ | ४० | ३२.५ | १० |
| नफा | १,०१२.५ + १,०१२.५ | ९०० + ९०० | १,०१२.५ + ५०६.२५ | ० + ० |

हा तक्ता आपली चूक पकडूनही देतो. सरळ रेषेच्या मागणीत आणि स्थिर खर्चात पूर्ण स्पर्धेचं उत्पादन ९० आलं, तर संगनमताचं त्याच्या निम्मं, कूर्नोचं दोन तृतीयांश आणि स्टॅकेलबर्गचं तीन चतुर्थांश यायलाच हवं. तुमचे आकडे या क्रमात बसत नसतील तर बेरीज-वजाबाकी पुन्हा तपासा, मॉडेलला दोष देऊ नका.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: स्टॅकेलबर्गच्या नेत्याचा नफा आणि संगनमतातला निम्मा वाटा, दोन्ही १,०१२.५ आले आहेत. हा या सरळ रेषेच्या उदाहरणातला योगायोग आहे. ‘नेत्याला संगनमताइतका नफा मिळतो’ असं निष्कर्षात लिहू नका.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. कूर्नोची जुनी कथा टप्प्याटप्प्याने सांगितली जाते: पहिली फर्म एकटी असल्यासारखी ४५ बनवते, दुसरी २२.५ बनवते, मग पहिली ३३.७५ वर येते, दुसरी २८.१२५ वर जाते, असं करत दोघी ३० कडे सरकतात. पहिल्या फेरीत ४५ आणि २२.५ हेच आकडे आले, म्हणून काही विद्यार्थी ‘स्टॅकेलबर्ग म्हणजे कूर्नोची पहिली फेरी’ असं लिहितात. आकडे जुळतात, कारण जुळत नाही. कूर्नोची पहिली फर्म दुसरीला पाहून मागे हटते. स्टॅकेलबर्गचा नेता ४५ वरून हटत नाही आणि तो हटणार नाही याची अनुयायाला खात्री असते. तक्त्यातली ‘प्रतिस्पर्ध्याबद्दल काय धरलं?’ ही ओळ हाच फरक सांगते. म्हणून आकड्यांचा तक्ता आणि प्रश्नांचा तक्ता वेगळे असले तरी एकाच पानावर ठेवा.

मर्यादा वाचून उतरवू नका, गृहीतक काढून पाहा

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मर्यादेच्या चौकटीत लिहिण्याची एकच अट पाळा: प्रत्येक मर्यादा वरच्या तक्त्यातल्या एखाद्या ओळीला जोडलेली हवी, आणि ते गृहीतक काढल्यावर काय होतं हे तिने सांगायला हवं. जोडायला ओळ सापडत नसेल तर ती या मॉडेलची मर्यादा नाही, किंवा तुमच्या तक्त्यात एक प्रश्न कमी आहे.

बर्ट्रांडचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सर्वांत स्वच्छ दिसतं. पाठ्यपुस्तक म्हणतं, ‘दोनच फर्म असूनही पूर्ण स्पर्धेसारखी किंमत येणे पटत नाही.’ ही तक्रार झाली, मर्यादा नव्हे. आता ‘क्षमतेची मर्यादा नाही’ ही ओळ काढा. समजा प्रत्येक फर्म जास्तीत जास्त ३० नगच बनवू शकते आणि दोघांनी किंमत १० ठेवली आहे. त्या किमतीला मागणी ९० आहे, पण दोघं मिळून ६० च देऊ शकतात. मी माझी किंमत वाढवली तर माझं सगळं गिऱ्हाईक पळेल का? पळून जाणार कुठे? समोरच्याकडे माल संपलेला आहे. जे ग्राहक जास्त किंमत मोजायला तयार होते त्यांनी समोरच्याचे स्वस्त ३० नग आधी नेले असं धरलं, तर माझ्यासाठी उरलेली मागणी ७० वजा माझी किंमत. मी ४० किंमत लावली तर माझे ३० नग पूर्ण खपतात आणि नफा ९०० मिळतो. दोघेही ४० वर असताना कुणालाच हलावंसं वाटत नाही: किंमत कमी करून जास्त विकायला माल नाही, आणि वाढवली तर नफा घटतो.

म्हणजे एक ओळ बदलली आणि किंमत १० वरून ४० वर गेली. हाच कूर्नोचा आकडा. क्षमतेचा हा दोष एजवर्थने १८९७ मध्ये दाखवला. त्याच्या मांडणीत किंमत एका जागी ठरत नाही, वरखाली होत राहते. आपल्या उदाहरणात ती ४० वर स्थिर झाली, कारण आपण क्षमता मुद्दाम ३० घेतली. ती ४० केली असती तर एकच ठरलेली किंमत मिळाली नसती. करून पाहा: दोघांनी क्षमतेइतकं, म्हणजे एकूण ८० विकून किंमत २० ठेवली तर प्रत्येकी नफा ४००, पण एकाने किंमत ३५ केली तर त्याच्यासाठी उरलेली मागणी ६० वजा ३५, म्हणजे २५, आणि नफा २५ गुणिले २५, म्हणजे ६२५. तो वर जाणारच, आणि तो वर गेला की दुसरा त्याच्या थोडं खाली येणारच.

आता बर्ट्रांडच्या मर्यादेची चौकट अशी होते: ‘किंमत = सीमांत खर्च हा निष्कर्ष अमर्याद क्षमतेवर उभा आहे. क्षमता बांधली की किंमत वर जाते, काही वेळा अस्थिरही होते.’ नावं झाकली तरी ही मर्यादा दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. वस्तू एकजिनसी नसेल तर काय, हे दुसरं वाक्य त्याच पद्धतीने जोडा: थोडा वेगळेपणा आला की सगळे ग्राहक एका पैशासाठी उडी मारत नाहीत आणि किंमत खर्चाच्या वर टिकते.

स्टॅकेलबर्गसाठी ‘क्रम’ ही ओळ काढा. दोघांनाही नेता व्हायचं असेल तर? दोघंही ४५ बनवतात, एकूण ९०, किंमत १०, नफा शून्य. एकाला १,०१२.५ देणारं मॉडेल दोघांना शून्यावर आणतं. मर्यादा अशी लिहा: ‘नेता कोण हे मॉडेल ठरवत नाही, ते बाहेरून येतं. दोघांनी तीच भूमिका धरली तर समतोल राहत नाही.’ याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे. अनुयायी २२.५ वर आल्यावर नेत्याला स्वतःची मात्रा ३३.७५ वर आणणं फायद्याचं ठरतं (नफा १,०१२.५ वरून सुमारे १,१३९). म्हणून आपली मात्रा आता बदलता येणार नाही हे त्याला आधीच दाखवून द्यावं लागतं. उभारलेला कारखाना, केलेले करार हे त्याचे मार्ग. असं बांधून घेणं शक्य नसेल तर पुढाकाराचा फायदा उरत नाही.

कूर्नोची मर्यादा लिहिताना मात्र आधी ठरवा की तुमच्या वाचनात कुठला कूर्नो आहे. टप्प्याटप्प्याची कथा असेल तर मर्यादा खरी आणि कडक आहे: दर फेरीला प्रतिस्पर्धी मात्रा बदलताना दिसतो, तरी फर्म तो बदलणार नाही असंच धरते. चुकीतून ती काही शिकत नाही. पण आजच्या पुस्तकांत कूर्नो हा एकाच वेळी, एकदाच निर्णय होणारा खेळ म्हणून मांडलेला असतो आणि ३०-३० हा नॅश समतोल असतो. तिथे फेऱ्याच नाहीत, त्यामुळे ‘फर्म शिकत नाहीत’ ही टीका लागू पडत नाही. तिथे उरते ती दुसऱ्या ओळीतून येणारी मर्यादा: फर्म मात्रा ठरवते, मग ४० ही किंमत प्रत्यक्षात लावतं कोण? मॉडेलात तसा कुणी नाही. जुनी मर्यादा नव्या मांडणीपुढे चिकटवलेले तक्ते मी सतत पाहतो, आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं.

स्वीझी बसत नाही, तो बसवू नका

स्वीझीचा १९३९ चा किंक्ड डिमांड कर्व्ह, म्हणजे चालू किमतीला मोड असलेला मागणी वक्र, अजून तक्त्यात आला नाही हे लक्षात आलं असेल. आकड्यांच्या तक्त्यात त्याचा रकाना आखून पाहिला की अडचण कळते. किंमत किती? मॉडेल सांगत नाही. ते चालू किमतीपासून सुरू होतं आणि म्हणतं: मी भाव वाढवला तर बाकीचे वाढवणार नाहीत, मी उतरवला तर तेही उतरवतील, म्हणून मी आहे तिथेच राहतो. मोडाच्या जागी सीमांत प्राप्तीत फट पडते आणि सीमांत खर्च त्या फटीच्या आत हलला तर किंमत बदलत नाही. आपल्या बाजारात चालू किंमत ४० म्हणून दिली तर स्वीझी ४० का टिकते ते सांगेल. ५५ दिली तर ५५ का टिकते तेही सांगेल.

म्हणून रिकाम्या चौकटी तीन प्रकारच्या असतात आणि त्यांना एकच आडवी रेघ मारून चालत नाही. ‘मॉडेल सांगत नाही’ ही स्वीझीच्या किमतीची चौकट, आणि तीच त्याची सर्वांत मोठी मर्यादा आहे: जी किंमत समजावून सांगायची तीच आधी धरावी लागते. ‘लागू नाही’ म्हणजे प्रश्नच गैरलागू. एकाच वेळी निर्णय होतात तिथे ‘नेता कोण’ विचारण्यात अर्थ नाही. ‘वाचनात नाही’ म्हणजे उत्तर आहे, पण या मजकुरात नाही. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि दुसरं पुस्तक उघडा. तिन्हींना एकच खूण केली तर महिन्याभराने तुम्हीच ‘वाचनात नाही’ याला मॉडेलची उणीव समजाल.

स्वीझीसाठी वेगळा छोटा तक्ता करा, तीन ओळींचा: काय दिलेलं धरलं, काय समजावून सांगितलं, पुरावा काय म्हणतो. तिसऱ्या ओळीत स्टिग्लरच्या १९४७ च्या अभ्यासाला जागा द्या. अनेक उद्योगांत एकाने भाव वाढवल्यावर बाकीच्यांनीही वाढवले असं त्याला दिसलं, आणि ‘बाकीचे वाढवणार नाहीत’ हेच तर स्वीझीचं भार पेलणारं गृहीतक आहे.

तक्त्यात न मावणारी वाक्यं

काही वाक्यं दोन मॉडेलांमधल्या नात्याबद्दल असतात, कुठल्याच एका चौकटीची नसतात. सर्वांत महत्त्वाचं वाक्य क्रेप्स आणि शाइंकमन यांचं, १९८३ चं: फर्मनी आधी क्षमता ठरवली आणि मग किमतीत स्पर्धा केली, तर काही अटींवर निकाल कूर्नोचाच येतो. हे कूर्नोच्या रकान्यात टाकलं तर बर्ट्रांडच्या वाचकाला दिसत नाही, बर्ट्रांडच्या रकान्यात टाकलं तर उलट. ते तक्त्याखाली लिहा आणि दोन्ही रकान्यांकडे बाण काढा. वरच्या ३० क्षमतेच्या उदाहरणात क्षमता आपण हाताने ठरवली होती; ती फर्मनी स्वतः निवडली तरी कूर्नोच्याच मात्रेवर येते, असं हे म्हणणं आहे. अट कुठली तेही तिथेच नोंदवा. स्वस्त माल आधी कुणाला मिळतो याबद्दल आपण वर जे धरलं होतं, तीच ती अट. ती बदलली तर निकाल बदलू शकतो.

अशी नात्याची वाक्यं दोन-तीनच निघतात. ती पाचाच्या वर गेली तर तुम्ही चौकटीत मावणारी गोष्ट खाली ढकलता आहात.

मांडणीचंही थोडं. रकान्यांचा क्रम प्रकाशनवर्षाने लावायची सवय असते, प्रश्नांच्या तक्त्यात ती चालते. आकड्यांच्या तक्त्यात मात्र किंमत उतरत्या क्रमाने ठेवा, म्हणजे स्टॅकेलबर्ग बर्ट्रांडच्या आधी येतो आणि कोण कुणाच्या मध्ये बसतो हे डोळ्यांनी दिसतं. चौकटीत दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर जात असेल तर एका चौकटीत दोन प्रश्नांची उत्तरं शिरली आहेत, ओळ फोडा. फोनवर तक्ता पाहणार असाल तर चार रकान्यांच्या पुढे जाऊ नका, पाचवं मॉडेल दुसऱ्या तक्त्यात घ्या.

तुलनेचा प्रश्न आला तर उत्तरपत्रिकेत तक्ता जसाच्या तसा उतरवण्यापेक्षा प्रश्नांच्या तक्त्यातली एक ओळ आडवी घ्या आणि तिच्यावर एक परिच्छेद लिहा: ‘क्रम’ या ओळीवरून कूर्नो आणि स्टॅकेलबर्ग, ‘फर्म काय ठरवते’ या ओळीवरून कूर्नो आणि बर्ट्रांड. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी आकड्यांच्या तक्त्यातली किंमत द्या, ४० विरुद्ध ३२.५, ४० विरुद्ध १०, आणि ती ओळ काढल्यावर काय झालं ते एका वाक्यात जोडा.